पावसाळ्यातील गॅलरी आणि कुंडीतील तुळस

दरवर्षी श्रावणात मंडळातील चार-दोन घरांतून एकच तक्रार कानावर येते. पाऊस भरपूर झाला, पाणी घालायला एक दिवसही चुकलो नाही, तरी तुळस गेली. उन्हाळ्यात तग धरलेले झाड ऐन पावसाळ्यात मान टाकते, याचे सर्वांनाच आश्चर्य वाटते. आम्हालाही वाटले होते. म्हणून गॅलरीतील बागेचा सगळा पसारा मांडण्याऐवजी या एका तुळशीच्या कुंडीवरूनच पावसाळ्यातील माती, पाणी आणि झाडे यांचा हिशोब सांगावा असे ठरवले आहे. ही एक कुंडी नीट समजली की बाकीच्या कुंड्या आपोआप समजतात, असा आमचा अनुभव आहे.

आमचे कडोलीतील जुने घर कौलारू होते. अंगणात दगडी वृंदावन होते आणि त्यातील तुळशीला पावसाळ्यात कोणी पाणी घालत नसे, की कोणी झाकतही नसे. घर पाडून स्लॅबचे बांधले तेव्हा अंगण गेले. वरच्या मजल्यावर पश्चिमेला तोंड करून बारा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी गॅलरी निघाली. वृंदावनातील तुळशीच्या मंजिऱ्या जपून ठेवल्या होत्या. त्यांची रोपे करून एक चांगले रोप दहा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत लावले आणि कुंडी कठड्याजवळ, थेट पावसाखाली ठेवली. शेतातील चांगली काळी माती आणली होती. मृगात झाड हिरवेगार होते. पुनर्वसूच्या, म्हणजे आपण ज्याला तरणा पाऊस म्हणतो त्या दिवसांत खालची पाने पिवळी पडू लागली. म्हाताऱ्या पावसात शेंडे मलूल झाले. दोन दिवस उघडीप मिळाली, ऊन पडले, झाड सुकलेले दिसले म्हणून घरच्यांनी तांब्याभर पाणी घातले. त्यानंतर आठवडाभरात झाड संपले. तुळशीच्या लग्नाला अजून तीन महिने होते.

कुंडी उलटी करून झाड बाहेर काढले तेव्हा कारण हातात आले. मातीचा गोळा थापीव, चिकट होता. वरची दोन बोटे माती जरा मोकळी, पण तळाशी चिखल. त्याला गटाराजवळ येतो तसा कुजका वास. मुळे पांढरी असायला हवीत, ती तपकिरी-काळी झाली होती आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल निघून आत फक्त दोऱ्यासारखा धागा राहात होता. हा मूळकुजव्या रोग. बटाट्यावर पावसाळी हवेत करपा येतो तो आपल्या शेतकरी बंधूंना चांगला ठाऊक आहे. मुळे कुजवणारे जंतू त्याच जातकुळीतले. त्यांना साचलेले पाणी लागते, पाण्यातूनच ते पसरतात.

पण रोग नंतर येतो, आधी मुळांचा श्वास कोंडतो. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांत काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी हवा अशी वाटणी असते. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि तशाच चार-पाच दिवस राहिल्या की मूळ मरायला लागते. मेलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड सुकल्यासारखे दिसते. आपण त्याला तहान लागली असे समजून आणखी पाणी घालतो. आमच्या घरातील तो तांब्या हेच शेवटचे पाणी ठरले.

कुंडीत किती पाणी पडते?

बेळगाव शहर आणि आसपास वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये. खानापूरकडे तो बराच जास्त, निपाणी-चिकोडीकडे कमी आणि अथणी-गोकाकच्या बाजूला आणखी कमी. आता दहा इंची कुंडीचे तोंड सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचे असते. त्या तोंडावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर कुंडीत पन्नास मिलिलिटर पाणी जाते. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे जुलैमध्ये असा दिवस नवलाचा नाही, तर अडीच लिटर पाणी पडले. अशा कुंडीत माती मावते आठ लिटरच्या आसपास आणि ती पूर्ण भिजली की अडीच-तीन लिटर पाणी धरते. म्हणजे एकाच दिवसात कुंडी काठोकाठ भिजली. झाड मात्र ढगाळ हवेत फारच थोडे पाणी पिते. आम्ही पुढच्या वर्षी वजनकाट्यावर कुंडी ठेवून पाहिले. मे महिन्यातील उन्हात तिचे वजन दिवसाला सहा-सातशे ग्रॅमने उतरत होते. जुलैत पावसापासून आडोशाला ठेवून पाहिले तर शंभर-दीडशे ग्रॅमने. आमदनी अडीच लिटर आणि खर्च एक पेला, अशा खात्यात शिल्लक साचणारच. ती साचू न देता तळाच्या भोकातून बाहेर काढणे, हे पावसाळ्यातील खरे काम आहे.

मग अंगणातील तुळशीला हे का होत नव्हते? तिच्याखाली जमीन होती. वृंदावनातील माती खालच्या जमिनीशी जोडलेली, पाणी ओढून खाली नेणारी. कुंडीचा तळ म्हणजे वाटेत घातलेला बांध. हे समजायला भांडी घासायचा जाड स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा आणि गळणे थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पण उंची वाढली की खालच्या टोकाला जास्त पाणी निसटते आणि वरचा भाग मोकळा होतो. कुठल्याही कुंडीत गळणे थांबल्यानंतरही तळाशी काही बोटे माती अशी पूर्ण भिजलेली राहतेच. माती जितकी बारीक आणि चिकण, तितका हा भिजका थर उंच. बारीक काळ्या मातीत तो बुटक्या कुंडीच्या बराच वरपर्यंत येतो. भरड मिश्रणात तो तळाच्या दोन-तीन बोटांवर थांबतो. म्हणून उथळ, पसरट कुंड्या पावसाळ्यात फसवतात आणि उंच कुंड्या तारतात.

यावरूनच एका जुन्या समजुतीचा निकाल लागतो. तळाशी खापऱ्या, खडी किंवा विटांचे तुकडे यांचा थर दिला की पाणी निघून जाते, असे आपण सगळे मानतो. आम्हीही त्या पहिल्या कुंडीत चार बोटे खडी घातली होती. प्रत्यक्षात बारीक मातीतील पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. म्हणजे भिजका थर तेवढाच राहतो, फक्त तो चार बोटे वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी उपडी ठेवावी किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा घालावा, एवढेच पुरे. खडी टाकायचीच असेल तर ती तळाशी थर म्हणून नको, सगळ्या मातीत मिसळा.

मातीचे मिश्रण

शेतातील माती कितीही कसदार असली तरी ती एकटी कुंडीत चालत नाही. शेतात तिला गांडुळे आणि मुळे मोकळी करत असतात. कुंडीत ती पावसाच्या माऱ्याने थापली जाते. काळी माती तर ओली झाली की फुगून बसते आणि सुकली की कडेने फट पडते. मग पाणी मातीत न मुरता फटीतून सरळ खाली जाते. आपल्या भागात तांबडी मातीही सहज मिळते, कुंडीसाठी तीच घ्यावी.

आमचे हल्लीचे प्रमाण असे आहे. एक लिटरचा मग माप म्हणून धरायचा. चाळलेली तांबडी माती तीन मग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत दोन मग, विटांचा चुरा किंवा जाड वाळू दोन मग, भाताचे तूस एक मग आणि भिजवून पिळलेले कोकोपीट एक मग. वर मूठभर निंबोळी पेंड. हे नऊ मग होतात, पण कालवल्यावर आणि पाणी घातल्यावर दबून दहा इंची कुंडीत बरोबर बसतात. काठापासून दोन बोटे जागा मात्र मोकळी सोडावी.

यातील विटांच्या चुऱ्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. बांधकामाच्या ठिकाणी फुटक्या विटा मिळतात. त्या हातोड्याने फोडून ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे घ्यावेत आणि खालची पूड चाळून टाकून द्यावी. पूड ठेवली तर ती पोकळ्यांत जाऊन बसते आणि आपण केलेले काम वाया जाते. एम-सँड वापरतानाही हीच अडचण असते. ती धुऊन, बारीक भाग काढूनच घ्यावी. सिमेंट लागलेल्या विटा नकोत. तूस भातगिरणीवर मिळते. ते कोंडा नव्हे, वरचे टरफल. नवे कोरडे तूस पाण्यावर तरंगते, म्हणून पोत्यात भरून एक-दोन पावसात भिजलेले असेल तर उत्तम. कोकोपीटचा हात मात्र आखडता ठेवावा. दुकानदार निम्मे कोकोपीट घाला म्हणतात, ते उन्हाळ्यासाठी ठीक आहे. पावसाळ्यात ते पाणी सोडायला तयार नसते.

मिश्रण जमले की नाही हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. कुंडी भरून चांगली भिजवा. दहा मिनिटांनी पुन्हा एक लिटर पाणी ओता. वरचे तळे अर्ध्या मिनिटात मुरले आणि तळातून धार सुरू झाली तर मिश्रण पावसाळ्याला तयार आहे. एक मिनिट झाले तरी पाणी वर दिसत असेल तर कुंडी ओतून आणखी एक मग चुरा मिसळावा. हे रोहिणीत, मृगापूर्वी करावे. भर पावसात कुंडी बदलली की ओली माती हाताळताना चिखल होतो आणि मुळेही तुटतात.

कुंडीचा तळही तितकाच बघायला हवा. प्लॅस्टिकच्या कुंडीला बहुधा एकच भोक असते, काही कुंड्यांत तर ते नुसते खुणेपुरते असते आणि आपल्याला फोडावे लागते. लोखंडी सळई तापवून बोटभर रुंदीची पाच-सहा भोके पाडावीत. शक्य असेल तर दोन-तीन भोके तळाच्या कडेला, बाजूने पाडावीत. कारण कुंडी गुळगुळीत फरशीवर बसली की तळाची भोके फरशीला चिकटून बंद होतात. कुंडीखाली कौलाचे किंवा विटेचे तीन तुकडे ठेवून ती इंचभर उचलली की हा प्रश्न मिटतो. यातच आणखी एक युक्ती. जाड सुती दोरी भिजवून कुंडी भरताना तळाच्या भोकातून वीतभर खाली लोंबती सोडायची आणि वरचे टोक मातीत आडवे पसरायचे. तळाच्या भिजक्या थरातील थोडे पाणी या दोरीवाटे थेंब-थेंब गळत राहते. टांगलेल्या किंवा स्टँडवरच्या कुंडीला हे छान जमते. सुती दोरी एका पावसाळ्यात कुजते, मग पुढच्या वर्षी नवी घालावी.

आपल्याकडे रताळी वरंब्यावर लावतात. मुळापाशी पाणी थांबू नये एवढाच त्यामागे हेतू असतो. कुंडीत आपण हाच वरंबा करत असतो.

पाणी घालण्यातील चुका

मोठी चूक वर आलीच, ओल्या मातीतील सुकलेल्या झाडाला पाणी घालणे. दुसरी चूक याच्या अगदी उलट आहे आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बाहेर धो-धो पाऊस असतो, म्हणून आपण आठ-दहा दिवस पाण्याकडे बघत नाही. पण गॅलरीवर स्लॅब असतो. आमच्या चार फूट रुंद गॅलरीत कठड्याजवळची रांग चिंब भिजते, मधल्या रांगेवर वाऱ्याबरोबर तुषार येतात आणि भिंतीलगतच्या कुंड्यांची माती कोरडी ठणठणीत असते. भर आषाढात भिंतीजवळचा पुदिना पाण्यावाचून वाळलेला आम्ही पाहिला आहे. तुषारांनी पाने आणि वरची माती ओली दिसते, बोट घातले की खाली धूळ. पूर्वेकडे तोंड असलेल्या गॅलरीत तर पुढच्या रांगेलाही पाऊस बेताचाच लागतो.

तेव्हा सगळ्या कुंड्यांना एकच नियम लावता येत नाही, प्रत्येक कुंडीला विचारावे लागते. विचारायची साधने दोन. एक म्हणजे बांबूची बारीक काडी, कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढायची. खालचा भाग गडद, ओला आणि माती चिकटलेली असेल तर पाणी नको. कोरडी निघाली तर घाला. काडीला कुजका वास येत असेल तर कुंडी त्याच दिवशी पावसातून आत घ्या. दुसरे साधन आपले हात. कुंडी एका बाजूने किंचित उचलून बघायची. आमची दहा इंची कुंडी पूर्ण भिजलेली असताना साडेदहा किलो भरते आणि पाण्याला आलेली असते तेव्हा आठ किलोच्या आसपास. पहिले काही दिवस काट्यावर वजन करून वहीत लिहिले. नंतर हाताला अंदाज आला, आता काटा लागत नाही.

सुकलेल्या झाडाबद्दल शंका आली तर आणखी एक खूण बघावी. तहानलेले झाड दुपारी मलूल होते आणि पाणी दिल्यावर दोन-तीन तासांत उभे राहते, कुंडी हलकी असते. मूळ कुजलेले झाड सकाळीही मलूलच असते, पाणी दिल्याने काही फरक पडत नाही आणि कुंडी जड असते. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मी झाडे वाचतील.

तिसरी चूक कुंडीखालच्या ताटल्या. फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवलेल्या ताटलीत पावसाळ्यात सतत पाणी राहते आणि कुंडीचा तळ त्यात बुडालेला असतो. भोके असून नसल्यासारखी होतात. शिवाय डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आम्ही मृगाला सगळ्या ताटल्या धुऊन माळ्यावर टाकतो आणि दिवाळीनंतर काढतो. ज्यांना खालच्या मजल्यावर पाणी गळण्याची अडचण आहे त्यांनी ताटलीत विटेचे तुकडे ठेवून कुंडी पाण्याच्या वर ठेवावी आणि ताटली दर दोन-तीन दिवसांनी ओतावी.

गच्चीच्या किंवा वरच्या छज्जाच्या पन्हाळीची धार एखाद्या कुंडीत पडते आहे का, हेही पहिल्याच मोठ्या पावसात उभे राहून बघावे. तशी धार पडणारी कुंडी कितीही चांगल्या मिश्रणाने वाचत नाही, मातीच वाहून जाते.

कोणते झाड कुठे

या तीन रांगा डोळ्यांसमोर ठेवल्या की झाडे निवडणे सोपे जाते. पुढची, भिजणारी रांग ज्यांना पाणी मानवते त्यांची. अळू इथे राजासारखे वाढते आणि घरच्या पुरते वडीचे पान देते. कर्दळ, गवती चहा आणि तेरडा यांनाही हीच जागा. तेरड्याचे बी मृगात किंवा आर्द्रेच्या सुरुवातीला टाकले की पन्नास-साठ दिवसांत फुलावर येतो, म्हणजे गौरी-गणपतीला घरचा तेरडा मिळतो. गौरीसाठी डहाळे आणायला शिवारात जाणे आता ज्यांना जमत नाही त्यांनी एवढी एक कुंडी जरूर करावी. बी दाट पडले तर चार-पाच रोपे ठेवून बाकी उपटावीत, नाहीतर पावसात खोडे कुजतात.

मधली रांग हळद, आले, गोकर्ण आणि पानओव्याची. हळद-आले पावसाळ्यातील खरी, पण कंद आहेत, साचलेल्या पाण्यात ते तुळशीच्याही आधी कुजतात. त्यांना थेट धारेपेक्षा तुषारच बरे. गोकर्णाचा वेल कठड्याच्या गजावर चढवता येतो, कुंडी मात्र मागे ठेवावी.

भिंतीलगत कोरफड, अडेनियम, निवडुंग यांना चार महिने ठेवून द्यावे आणि महिन्यातून एकदा फक्त बघावे. कोथिंबीर आणि मेथीही याच रांगेत, कारण उघड्यावर पावसाचा थेंब कोवळी रोपे मातीत झोपवतो. टोमॅटोच्या नादाला पावसाळ्यात लागू नये. शेतकरी फवारण्या करून तो टिकवतात, गॅलरीत करप्याने आठ दिवसांत सगळी पाने जातात. हे मत आम्ही तीन वर्षे हट्ट करून मग बनवले आहे.

तुळस मधल्या रांगेत. तिला ऊन हवे म्हणून आपण ती पुढे ठेवतो, पण जुलैत ऊन नसतेच, नुसता पाऊस असतो. आम्ही आर्द्रेपासून आश्लेषापर्यंत तिला दीड-दोन फूट मागे घेतो, मघा लागल्यावर उघडीप बघून पुन्हा पुढे आणतो. त्याच वेळी अळू-तेरड्यासारखी झाडे कठड्याशी सरकतात. ही फेरपालट वर्षातून दोनदा करायची, अर्ध्या तासाचे काम आहे. कुंड्या ओल्या असताना जड असतात, तेव्हा एकट्याने चौदा इंची कुंडी उचलू नये, पोत्यावर ठेवून ओढावी. आणि कठड्यावर, भिंतीच्या माथ्यावर कुंडी नकोच. पावसाळी वाऱ्याने ती खाली रस्त्यावर जाऊ शकते.

श्रावणात पाने पिवळी पडली की सगळेच मुळे कुजली असे नसते. सततच्या पावसाने मातीतील नत्र वाहून जाते. त्या वेळी खालची जुनी पाने एकसारखी फिकट पिवळी होतात, पण शेंडा ताठ असतो आणि काडीला वास येत नाही. अशा झाडाला दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत वरून पसरून द्यावे. उघडीप बघून द्यावे, नाहीतर तेही वाहून जाते. शेंडाही मलूल असेल तर खत देऊ नये. आजारी मुळांना खताचा उपद्रवच होतो.

कुजव्या लागलेले झाड वाचते का? मुळांपैकी निम्मी पांढरी असतील तर वाचते. झाड काढून काळी मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत, जुनी माती झटकून टाकावी, तितकेच शेंडे कमी करावेत आणि जेमतेम मुळे मावतील अशा लहान कुंडीत, किंचित ओल्या नव्या मिश्रणात लावावे. मोठ्या कुंडीत लावले तर मुळे नसलेल्या जागेतील माती ओलीच राहते. आठ दिवस पावसाआड, उजेडात ठेवावे. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. ती शेणखतात मिसळून मृगापूर्वी दिली तर फायदा होतो, कुजव्या लागल्यानंतर तिचा फारसा उपयोग नाही.

निम्म्याहून जास्त मुळे गेली असतील तर मूळ झाडावर वेळ घालवू नये, शेंडे वाचवावेत. बोटभर लांबीची, फुलावर न आलेली फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि नुसत्या भरड वाळू-कोकोपीटमध्ये खोचून भिंतीच्या रांगेत ठेवावी. दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. पाण्याच्या ग्लासातही फुटतात, पण ती मुळे नाजूक असतात आणि मातीत लावताना तुटतात. आम्ही आता दर आषाढात, झाड धडधाकट असले तरी, अशा तीन फांद्या वेगळ्या लावून ठेवतो. गेल्या कार्तिकात आमच्याकडील लग्न मूळ झाडाशीच लागले, आणि त्या तीन रोपांपैकी दोन शेजारच्या घरी गेली. त्यांची तुळस तांब्याभर पाण्याने गेली होती.